झिरझिरीत ओढणी आणि बदललेलं बॅकग्राउंड : एका अल्बम कव्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरचं लग्न, रिसेप्शनचा फोटो. नवरीनं लेहेंगा घातलेला आणि डोक्यावरून पीच रंगाची नेटची ओढणी, काठाला दोन बोटं रुंद जरी आणि आत सोनेरी बुट्ट्या. ओढणी अंबाड्यावरून खाली येते, एका खांद्यावर चुण्या पडून गोळा होते आणि दुसऱ्या बाजूनं हाताच्या मागून मोकळी लोंबते, म्हणजे तिच्यामागं अंग नाही, सरळ मागचा पडदा दिसतो. पडदा हॉलचा, मरून वेलवेटचा, त्यावर सोडलेल्या एलईडीच्या माळा. फोटो झकास आलेला, चेहऱ्यावरचं हसू तर परत मिळणार नाही असं, पण घरच्यांना हॉलचा पडदा कव्हरवर नको होता. त्यांना रंकाळा पाहिजे होता, संध्याकाळचा, मागं शालिनी पॅलेस दिसणारा. फोटोग्राफरकडं रंकाळ्याचे त्यानं स्वतः काढलेले फोटो होते. नवरी तोवर दुबईला गेलेली, त्यामुळं परत शूट करायचा विषयच नव्हता.

माझ्याकडं काम आलं तेव्हा ते एकदा दुसरीकडं करून झालेलं होतं. नवरीच्या आईनं प्रूफ समोर ठेवून एवढंच सांगितलं, "अहो, ओढणी झिरझिरीत होती तिची, ह्यात प्लास्टिकच्या कागदासारखी दिसतीय." काकूंनी एका वाक्यात सगळं निदान करून टाकलं होतं.

नेमकी अडचण काय होती

आधीच्या ऑपरेटरनं पेन टूलनं नवरी आणि ओढणी एकत्र कट केलेली, फेदर एक पिक्सेल, आणि खाली रंकाळा टाकलेला. कटिंग स्वच्छ होतं, कुठं दातेरी कड नाही, काही नाही. पण ओढणीच्या मोकळ्या भागातून अजून मरून पडदाच दिसत होता, फक्त तो आता आकाशापुढं होता. म्हणजे जिथं आकाश दिसायला पाहिजे तिथं विटकरी रंगाचा पट्टा. बऱ्याच जणांना वाटतं की कड अजून मऊ केली की भागेल, पण इथं दोष कडेत नव्हताच, आतल्या पूर्ण कापडात होता. कड फक्त तो दोष दाखवत होती.

ह्यावर सगळ्यात पहिला सुचणारा उपाय म्हणजे ओढणीच्या भागावर मास्कमध्ये राखाडी ब्रश मारून तो अर्धा पारदर्शक करायचा. तेही करून बघितलं तर काय होतं ते आकड्यातच बघा, कारण आकडे बघितल्याशिवाय हे पटत नाही.

पारदर्शक कापडाच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये दोन रंग मिसळलेले असतात, कापडाचा स्वतःचा आणि मागचा. गणित साधं आहे, ह्यात a म्हणजे कापडाचा दाटपणा, F म्हणजे कापडाचा खरा रंग आणि B म्हणजे मागचं:

```
C = a*F + (1-a)*B
```

ह्या फोटोत कापडाचा खरा रंग साधारण 236, 195, 172 होता (लाल, हिरवा, निळा ह्या क्रमानं), पडदा 110, 25, 35 आणि एकेरी ओढणीचा दाटपणा 0.44. हे आकडे कुठून आले ते पुढं सांगतो. ह्यांचं मिश्रण होतं 165, 100, 95, म्हणजे तो विटकरी रंग. आता मागं 120, 135, 165 असं संध्याकाळचं निळसर आकाश असतं तर तीच ओढणी 171, 161, 168 दिसली असती, जवळपास राखाडी-गुलाबी. आणि विटकरी पिक्सेललाच 44 टक्के करून आकाशावर टाकलं तर येतं 140, 120, 134, म्हणजे मळकट जांभळा. कापड पारदर्शक झालं, पण पडद्याचा रंग बरोबर घेऊन. म्हणून नुसती ओपॅसिटी कमी करून ओढणी "धुतल्यासारखी" किंवा "मळल्यासारखी" दिसते, झिरझिरीत दिसत नाही. दाटपणा आणि रंग ह्या दोन गोष्टी वेगळ्या करून परत मांडाव्या लागतात, ह्याला दुसरा रस्ता नाही.

कोणते पर्याय समोर होते

पहिला, फोटोशॉपचं Select and Mask आणि त्यातलं Decontaminate Colors. केसांसाठी मी हे रोज वापरतो. पण ते कडेच्या बारीक पट्टीसाठी बनवलेलं आहे, आतला रंग ओढून कडेवर पसरवतं. इथं हातभर रुंद कापड पूर्ण पारदर्शक होतं, तिथं त्यानं बुट्ट्या फासून टाकल्या आणि जाळीचा पोत गेला.

दुसरा, ओढणीचा भाग स्क्रीन मोडमध्ये टाकायचा. पांढरी नेट आणि मागं एकदम काळं असेल तर हे फार छान चालतं, पाच मिनिटात काम. पण मागं मरून असल्यामुळं लाल तेवढं उरतं, ते काढायला लेव्हल्स खाली ओढले की पीच रंगही जातो, आणि उजळ आकाशावर ओढणी जवळपास गायब होते.

तिसरा, गिंपमधलं Color to Alpha. दिलेला रंग वजा करून उरलेलं पारदर्शक करतं, कल्पना अगदी बरोबर आहे. पडदा एकसारखा रंगाचा असता तर मी हेच केलं असतं. वेलवेटला चुण्या होत्या, कुठं उजळ कुठं काळपट, त्यामुळं निकाल चट्ट्याचट्ट्यांचा आला.

चौथा, ओढणीचा मोकळा भाग टाकूनच द्यायचा आणि नवी ओढणी शूट करून बसवायची. फोटोग्राफरचं म्हणणं हेच, "भावा, ओढणी काकूंकडं हाय, मागवून काळ्या कापडापुढं काढू की." पण चुण्या कधीच जुळत नाहीत, खांद्यावरून वळताना कापड कसं पडतं ते त्या माणसाच्या अंगावर अवलंबून असतं. तरी ओढणी घरात आहे हे कळलं ते बरंच झालं, ती दुसऱ्याच कामाला आली.

पाचवा, चॅनलवरून दाटपणा काढायचा, रंग नवा भरायचा आणि जरी-बुट्ट्या मूळ फोटोतून वेगळ्या ठेवायच्या. वेळखाऊ, पण ह्या फोटोला हाच बसत होता, कारण पडदा मरून होता. मरूनमध्ये हिरवा जवळपास नसतो. म्हणजे हिरव्या चॅनलपुरतं बघितलं तर नवरी काळ्या पडद्यापुढंच उभी होती. पडदा पांढरा किंवा क्रीम असता, किंवा ओढणीही मरूनच असती, तर हा रस्ता बंद होता.

काय केलं

आधी ओढणीचे तीन भाग पाडले, आणि हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा ठरला. अंगावर, केसांवर, ब्लाऊजवर पडलेली ओढणी: तिच्यामागं नवरीच आहे आणि नवरी बदलत नाहीये, म्हणून तिथं काहीच करायचं नाही, पूर्ण घट्ट ठेवायची. जरीचा काठ आणि बुट्ट्या: ह्यातून आरपार दिसत नाही, त्याही पूर्ण घट्ट. उरला मोकळा लोंबणारा भाग आणि डोक्याभोवतीची नखभर पट्टी, खरं काम तेवढ्यातच. पूर्ण ओढणी पारदर्शक करायच्या नादात खांदा आणि केसही फिके करून टाकलेले मी कितीतरी ठिकाणी बघितलेत.

मग दाटपणा मोजला. काकूंकडून ओढणी मागवली, अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कार्डावर पसरली, एकेरी, आणि एका सारख्या उजेडात फोटो काढला. हिरव्या चॅनलमध्ये कोरं पांढरं कार्ड 240, कोरं काळं 20. ओढणीखालचं पांढरं 213, ओढणीखालचं काळं 90.

```
a = 1 - (213-90)/(240-20) = 0.44
```

काळ्या आणि पांढऱ्या दोन्हीवर बघून पारदर्शकता काढायची ही रीत जुनी आहे, स्मिथ आणि ब्लिन ह्यांच्या 1996 च्या ब्लू स्क्रीनवरच्या पेपरमध्ये दोन बॅकग्राउंडवरून अल्फा, म्हणजे हाच दाटपणा, काढायचं गणित नीट मांडलेलं आहे. दुहेरी घडीला उजेड दोनदा गाळला जातो, म्हणजे 0.56 गुणिले 0.56, साधारण 0.31 आरपार जातो, दाटपणा 0.69. तिहेरीला 0.82 च्या आसपास. हे आकडे कागदावर लिहून मॉनिटरशेजारी चिकटवले.

कापडाचा रंग मात्र ह्या कार्डाच्या फोटोतून घेतला नाही, कारण उजेड हॉलचा पाहिजे. तो खांद्यावर जिथं ओढणी सहा-सात पदरी गोळा झालेली, जवळपास घट्ट, तिथून आयड्रॉपरनं घेतला, नमुना 5 बाय 5 पिक्सेलचा, एका पिक्सेलवर भरवसा ठेवायचा नाही. आला 236, 195, 172. आता पडताळणी: दाटपणा 0.44 आणि हा रंग बरोबर असेल तर पडद्यापुढच्या एकेरी ओढणीत हिरवा 100 च्या आसपास यायला पाहिजे. फोटोत 97 ते 104 मिळत होता. इथं मला खात्री पटली की पुढचं काम रेटायला हरकत नाही. हे जुळलं नसतं तर एकतर मागचा उजेड वेगळा होता किंवा जिथून रंग घेतला ते कापड घट्ट नव्हतं.

हिरव्या चॅनलची कॉपी घेऊन लेव्हल्समध्ये काळं टोक 25 वर, पांढरं टोक 195 वर, मधलं 1.00 तसंच. म्हणजे कोरा पडदा काळा, घट्ट कापड पांढरं आणि एकेरी ओढणी आपोआप 44 टक्के राखाडी. मधलं टोक हलवायचा मोह फार होतो, पण ते हलवलं की एकेरी-दुहेरीचा हिशोब बिघडतो.

हा मास्क तसाच वापरण्यासारखा नसतो, तीन ठिकाणी तो खोटं बोलतो. एलईडीचे ठिपके ओढणीमागून चमकत होते, ते मास्कमध्ये पांढरे टिपके होऊन आले, म्हणजे कापड तिथं घट्ट आहे असं. ते चॅनलवरच हीलिंग ब्रशनं काढले, शेजारच्या जाळीचा पोत घेऊन. दुसरं, चुणीच्या सावलीत कापड काळपट असतं, मास्क समजतो तिथं कापड विरळ आहे, प्रत्यक्षात चुणीत ते दुहेरी असतं. तिथं कागदावरचे आकडे बघून डॉज टूलनं 69 टक्क्यांपर्यंत आणलं, एक्स्पोजर एकदम कमी ठेवून, हळूहळू. तिसरं, डोक्याजवळ: केस काळे, पडदाही हिरव्यात काळा, त्यामुळं ओढणीखालचे सुटे केस चॅनलला दिसतच नव्हते. ते नवरीच्या मास्कमध्ये बारीक ब्रशनं हातानं आणले. झूम करून हेच काम सगळ्यात कंटाळवाणं होतं, आणि चेहऱ्याशेजारी असल्यामुळं नजरही पहिली तिथंच जाते, टाळता येत नाही.

लेयर असे लागले. तळाला रंकाळा. त्यावर 236, 195, 172 चा सॉलिड कलर, त्याला हा मास्क. त्यावर क्लिप करून मूळ फोटोची रंग काढलेली कॉपी, सॉफ्ट लाइटमध्ये कमी ओपॅसिटीला, चुण्यांच्या छाया परत आणायला. त्यावर जरी आणि बुट्ट्या, मूळ फोटोतून, पूर्ण घट्ट. सगळ्यात वर नवरी. सॉलिड कलरचा भाग नवरीच्या कडेच्या खाली थोडा आत सरकवून ठेवला, नाहीतर दंड आणि ओढणीच्या मधे केसाएवढी फट राहते आणि तिथून आकाश चमकतं.

बॅकग्राउंडबद्दल दोन निर्णय घ्यावे लागले. घरच्यांनी निवडलेल्या फोटोत सूर्य नवरीच्या बरोबर मागं आला असता. नेटच्या मागं सूर्य असला की कापड आतून पेटल्यासारखं उजळतं, आणि आपल्या फोटोत उजेड समोरून आहे. कितीही चांगला मास्क केला तरी हे पटलं नसतं. म्हणून सूर्य बुडाल्यानंतरचा फोटो घ्यायला लावला, त्यात आकाश मऊ आणि उजेडाला दिशा नाही. दुसरं म्हणजे बॅकग्राउंड बाजूला सरकवून शालिनी पॅलेसची आणि झाडांची रेघ मुद्दाम ओढणीच्या मागून नेली. मागं नुसतं सपाट आकाश असेल तर ओढणी आरपार आहे हे डोळ्याला कळणार कसं? एखादी रेघ बाहेरून येऊन कापडात शिरते, फिकी होते आणि पलीकडून परत ठळक निघते, तेव्हाच माणूस मानतो की हे कापड झिरझिरीत आहे.

तपासायला मी रंकाळा बंद करून खाली आळीपाळीनं काळा, पांढरा, भडक हिरवा आणि शेवटी काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या असे तात्पुरते लेयर टाकले. हिरव्यावर कुठं लालसर झाक दिसली तर तिथं पडदा शिल्लक आहे, आणि ती दिसली, जरीच्या आतल्या कडेला, कारण जरीच्या मास्कमध्ये पडद्याची एक बारीक पट्टी आलेली. मास्क आत घेतला, गेली. पट्ट्यांवर प्रत्येक पट्टी कापडातून सलग दिसायला पाहिजे, फक्त फिकी. जिथं पट्टी एकदम तुटली तिथं मास्क जास्त दाट होता. खऱ्या बॅकग्राउंडवर हे दोष लपतात आणि छापून आल्यावर दिसतात.

शेवटी दोन गोष्टी. ओढणीचं मागं गेलेलं टोक मूळ फोटोत फोकसबाहेर होतं, तिथं जरीची कड दोन-तीन पिक्सेल मऊ केली आणि खांद्याकडं येताना ती हळूहळू तीक्ष्ण होऊ दिली. सगळीकडं एकच फेदर असलेली कड कात्रीनं कापल्यासारखीच दिसते. आणि नॉइज: हॉलचा फोटो 3200 आयएसओचा, दाणेदार, आणि माझा सॉलिड कलर अगदी गुळगुळीत. काकूंच्या "प्लास्टिक" शब्दातला अर्धा भाग हाच असणार. त्या लेयरवर थोडा नॉइज टाकला आणि 100 टक्के झूमवर नवरीच्या गालाशी ताडून जुळवला.

निकाल

कव्हर 12 बाय 36 इंचाचं, 300 डीपीआय, लॅबकडून आधी छोटं प्रूफ काढून घेतलं. स्क्रीनवर सगळ्यांनी मान्य केलेलं, पण प्रूफ हातात आल्यावर काकू म्हणाल्या, "आता छान आहे, पण ओढणी आहे का नाही तेच कळेना." बरोबर होतं त्यांचं. छपाईत फिके फरक दबतात, आणि एकेरी ओढणी आणि आकाश ह्यांच्यात फरक मुळातच थोडा होता, वरचे आकडे बघा, 171, 161, 168 आणि 120, 135, 165. निळ्यात तर फरक नावालाच. मास्कवर कर्व्ह टाकून एकेरीचा दाटपणा 0.44 चा 0.52 केला, दुहेरीला फारसं हलवलं नाही. मोजमापाच्या दृष्टीनं हे चुकीचं आहे, पण कव्हर बघणारा माणूस मीटर घेऊन बसत नाही, त्याला ओढणी दिसली पाहिजे. जरीचीही चमक किंचित वाढवली. दुसऱ्या प्रूफला होकार आला आणि अल्बम गेला.

जे पूर्ण जमलं नाही तेही सांगतो. डोक्यामागं एके ठिकाणी एलईडीची माळ, केस आणि ओढणी तिन्ही एकावर एक होते. तिथला जाळीचा पोत मी शेजारून उचलून बसवलाय, खरा नाही. मला अजून दिसतो, बाकी कुणाला दिसला नाही.

परत असं काम आलं तर

ओढणी मोजायचं काम मी पहिल्याच दिवशी करीन. इथं ते पर्याय तपासून झाल्यावर केलं, पण आकडे आधी हातात असते तर स्क्रीन मोड आणि ओपॅसिटीचे पर्याय कागदावरच बाद झाले असते. ओढणी मिळत नसेल तर फोटोतच अशी जागा शोधायची जिथं एकेरी कापड एका उजळ आणि एका गडद वस्तूवरून जातं, गजरा आणि पडदा असं काहीतरी, तिथूनही अंदाज निघतो, थोडा ढोबळ.

बॅकग्राउंड कुठलं टाकायचं ते कटिंगच्या आधी ठरवून घेईन. इथं नशीब की घरचे दुसऱ्या फोटोला तयार झाले. सूर्यच पाहिजे म्हणून अडून बसले असते तर मी काम परत दिलं असतं, कारण समोरून उजेड पडलेली नेट मागून पेटलेली दाखवायची म्हणजे पूर्ण कापड नव्यानं रंगवायचं, त्याचे पैसे कव्हरच्या रेटमध्ये बसत नाहीत.

आणि फोटोग्राफरला आता सांगून ठेवलंय की ओढणीवाला पोर्ट्रेट कव्हरसाठी जाईल असं वाटलं तर ट्रायपॉड न हलवता नवरी बाजूला झाल्यावर एक फ्रेम रिकाम्या पडद्याची काढून ठेव, त्याच एक्स्पोजरला. ती असली की पडद्याच्या चुण्यांमुळं होणारे चट्टे आणि माळांचे ठिपके जवळपास आपोआप निघतात, B चा आकडा प्रत्येक जागी माहीत असतो. तो म्हणाला, "रिसेप्शनच्या रांगेत दोनशे माणसं उभी असतात, कुणाला बाजूला करू?" त्याचंही खरं आहे. मग निदान नवरीला पडद्यापासून पाच-सहा फूट पुढं उभी कर म्हटलं, माळा ब्लर होतील आणि पडद्यावर फ्लॅश कमी पडून तो अजून काळा होईल. एवढं तो करतोय सध्या.